कॉम्बोची किंमत: झाकण्यापासून उघड करण्यापर्यंत

आज कॉम्बोच्या पाटीवर प्रत्येक वस्तूचा सुटा भाव, खाली त्यांची खोडलेली बेरीज आणि शेजारी कॉम्बोचा भाव सर्रास दिसतो. जुनी चाल नेमकी उलटी होती, सुटे भाव दिसूच द्यायचे नाहीत.

हॉलीवूडचे स्टुडिओ चालणाऱ्या चित्रपटाबरोबर न चालणारेही थिएटरांच्या गळ्यात मारत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. त्यात विक्रेत्याचा फायदा कुठे, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६३ मध्ये साध्या हिशेबाने दाखवलं. एक ग्राहक पहिल्या चित्रपटाला ८,००० आणि दुसऱ्याला २,५०० डॉलर द्यायला तयार आहे. दुसरा ग्राहक ७,००० आणि ३,०००. दोघांना एकच सुटा भाव लावायचा तर ७,००० आणि २,५०० यावर थांबावं लागतं, म्हणजे प्रत्येकाकडून ९,५००. जोडी मात्र दोघांनाही १०,००० ला विकता येते. बचतीचा इथे प्रश्नच नव्हता.

पुढे १९६९ मध्ये आयबीएमने संगणकाच्या भावात मुरलेलं सॉफ्टवेअर आणि सेवा यांची वेगळी आकारणी जाहीर केली. तोवर फुकट वाटणाऱ्या गोष्टीला किंमत आहे, हे ग्राहकांना तेव्हा दिसलं.

मांडणीमागचं मानसशास्त्र मात्र १९८५ मध्ये स्पष्ट झालं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांचं म्हणणं असं, की लाभ सुटे सुटे दाखवले तर जास्त वाटतात, खर्च एकत्र दाखवला तर कमी बोचतो. म्हणून वस्तू एकेक करून मोजायच्या आणि पैसे एकदाच मागायचे. ६००, ३०० आणि १०० च्या तीन वस्तू असतील तर तिन्ही ओळी लिहा, बेरीज १,०००, कॉम्बो ८००, बचत २००. प्रत्येक ओळीवर वेगळी सूट दाखवली की ग्राहकाला एका रकमेऐवजी तीन वेगळ्या रकमा दिसतात. ते मला तरी चुकीचंच वाटतं.

यादी लांबवण्याचा मोह इथूनच सुरू झाला, आणि २०१२ मध्ये वीव्हर, गार्सिया आणि श्वार्झ या संशोधकांनी त्याला लगाम घातला. त्यांच्या प्रयोगात म्युझिक प्लेअर आणि कव्हर या जोडीत एक फुकट गाणं घातल्यावर लोक आधीपेक्षा कमी पैसे द्यायला तयार झाले. विक्रेता बेरीज करत होता, ग्राहक सरासरी काढत होता. वरच्या उदाहरणातली १०० ची वस्तू किरकोळ दिसत असेल तर ती ६०० वालीलाही खाली ओढते. तिला कॉम्बोतून काढावं, किंवा यादीत निदान शेवटी ठेवावं.

राहिला खोडलेल्या १,००० चा प्रश्न. त्या तीन वस्तू त्याच भावाने खरोखर सुट्या विकल्या जात असतील तरच ती बेरीज टिकते. सुटी विक्री जवळपास शून्य आणि सगळे कॉम्बोच घेतात असं दिसलं, तर बहुधा सुटे भावच फुगवलेले असतात.