रजिस्टरातले ७१ आन् लॉगिनचे ११८: हायब्रीड मीटिंगची हजेरी मोजायची भानगड कुठून आली

आमच्या शेतकरी कंपनीचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आन् आधी हजेरी म्हणजे एक लांब रजिस्टर, दोरीनं बांधलेला पेन, बाजूला अंगठ्यासाठी शाईचा पॅड, बस्स. कोणी दोनदा सही केली तर लगेच दिसायचं, कोणी सही करून चहा पिऊन निघून गेला तरी तो हजरच. म्हणजे रजिस्टरला वेळ कळत नव्हती, पण माणूस मात्र एकच मोजला जायचा.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आन् कपाशीचं प्रशिक्षण झूमवर गेलं. फुकटच्या अकाउंटवर ४० मिनिटांनी मीटिंग तुटायची, परत सगळे नव्यानं जोडायचे, आन् आम्ही हजेरी म्हणून स्क्रीनशॉट काढायचो. मग कोणीतरी गुगल फॉर्मची आयडिया काढली, मीटिंगमध्ये लिंक टाकायची, भरली की हजर. दोन-तीन मीटिंगतच लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आन् वावरात डवरणी करणाऱ्यानं पण फॉर्म भरला.

कंपन्यांच्या कायद्यात हा प्रश्न आधीच येऊन गेला होता. कंपनी कायदा २०१३ नुसार संचालक व्हिडिओवरून बैठकीला बसला तर तो कोरममध्ये, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या कमीत कमी संख्येत, धरतात. ८ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या परिपत्रकानं सभासदांच्या विशेष सभेतही व्हिडिओवरचे लोक कोरमला मोजायची मुभा दिली. पण कोरम म्हणजे त्या घडीला किती लोक आहेत, आन् प्रशिक्षण म्हणजे माणूस किती वेळ होता. हे दोन वेगळे हिशोब आहेत, आमच्याकडं ते एकात मिसळले आन् तिथंच घोळ सुरू झाला.

नंतर अर्धे लोक हॉलमध्ये, अर्धे मोबाईलवर असं चालू झालं. गुलाबी बोंडअळीवरच्या एका कार्यक्रमाचं सांगतो, २ ते साडेतीन, म्हणजे ९० मिनिटं. रजिस्टरात ७१ सह्या. पेड अकाउंटचा रिपोर्ट उतरवला तर त्यात ११८ ओळी. ऑफिसातल्या पोरानं सरळ बेरीज केली, १८९, आन् वर पाठवून पण दिली. हॉलमध्ये खुर्च्याच ८० होत्या न बाप्पा, मग बाकीचे खरंच घरून एवढे होते का हे पाहायला मी रिपोर्ट उघडला.

त्या रिपोर्टात एक ओळ म्हणजे एक माणूस नसते, एक जोडणी असते. लाईन गेली, टॉवर गेला, परत आला की नवीन ओळ. वेटिंग रूममध्ये थांबलेला वेळ पण वेगळी ओळ होऊन येतो. नाव आन् नावात लिहिलेले मोबाईलचे शेवटचे चार आकडे पाहून ओळी एकत्र केल्या तर ११८ चे राहिले ४९. त्यातून हॉलमधला पडद्याचा लॅपटॉप, वक्त्याचं अकाउंट आन् माझा फोन असे ३ गेले, ४६. मग नंबर रजिस्टराशी लावून पाह्यले तर ८ जण दोन्हीकडं. एक काका पहिल्या रांगेत बसले होते, त्यांना विचारलं तर म्हणे, "म्या त इथंच होतो, फोन पोराजवळ होता, त्यानं जोडला असन." ते हॉलमध्येच धरले, उरले ३८.

आता वेळ. अर्धा तास तरी पाहिजे असं कार्यक्रमाआधीच ठरवलं होतं, आकडा पाहून नाही, नाहीतर जो तो आपल्या सोयीची रेघ मारतो. इथं बेरीज चुकवते. एका भाऊचा हिशोब असा होता:

```
फोन    2:05 - 3:30   85
लॅपटॉप  2:40 - 3:30   50
```

८५ आन् ५० मिळून १३५ मिनिटं, ९० मिनिटांच्या कार्यक्रमात! दोन वेळा एकमेकांवर चढल्या की बेरीज नाही करायची, घड्याळातला झाकलेला भागच मोजायचा, म्हणजे ८५. कोणाची मिनिटं कार्यक्रमापेक्षा जास्त निघाली की समजायचं, इथं बेरीज झालीय. असं करून अर्ध्या तासाच्या आतले ९ गेले, २९. शेवटी दोघांची नावं नुसती "Redmi" आन् "Galaxy", आकडे पण नाहीत, कोणाशीच जुळेना, ते वेगळे लिहून ठेवले आन् मोजले नाही. २७. म्हणजे ७१ आन् २७ मिळून ९८.

उलटी चूक पण असते, आन् ती रिपोर्टात कधीच दिसत नाही. एका बचत गटाच्या सात बायांनी एकाच फोनवर पाह्यलं, लॉगिन एक. त्यांच्या ताईनं सह्यांचा कागद पाठवला, पण कोण किती वेळ बसलं हे कशावरून सांगणार, म्हणून त्या फोनवालीला २७ मध्येच ठेवलं आन् बाकीच्या ६ जणी ९८ मध्ये न मिसळता खाली "सोबत पाहणारे" म्हणून दाखवल्या.

वर गेलेले १८९ दुरुस्त करायला दोन पत्रं लागली. आता रजिस्टरात सहीच्या बाजूला एक रकाना वाढवलाय, "फोनवरून पण जोडलाय का?" पुढच्या मीटिंगला त्याच काकांनी त्यात लिहिलं, "पोराले इचारा."