इथेनॉलच्या टाकीवर साधा फोम का टिकत नाही

पेट्रोलच्या डेपोत आता पेट्रोलच्या टाक्यांशेजारी इथेनॉलची टाकी असतेच, कारण 20 टक्के मिश्रण तिथेच होतं. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही इथेनॉलच्या मोठ्या टाक्या आहेत. तिथे आग विझवण्यासाठी फोम विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, आत कोणतं द्रव आहे याचा असतो.

फोमच्या द्रावणाचा बहुतेक भाग पाणीच असतं. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, म्हणून साधा एएफएफएफ फोम त्यावर तरंगतो, पातळ पापुद्रा पसरवतो आणि वाफ दाबून धरतो. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं. फोम पडला की बुडबुड्यांच्या भिंतींतलं पाणी खाली जातं आणि फेस फुटून नाहीसा होतो. कितीही मारा केला तरी चादर तयारच होत नाही.

अल्कोहोलरोधक फोममध्ये झँथन गमसारखे पॉलिमर असतात. ते पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये नाही. त्यामुळे फोमचा पहिला थर इथेनॉलला टेकताच पॉलिमर साका होऊन दुधावरच्या सायीसारखा पडदा धरतो. पुढचा फोम या पडद्यावर साठतो. ई20 पेट्रोलमधलं अल्कोहोलही फोमचं पाणी ओढतं, म्हणून तिथेही हाच फोम घ्यावा.

फोमचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे मूळ घट्ट द्रव, पाण्यात किती मिसळायचं ते ड्रमवर असतं: ‘3×6’ लिहिलेलं असेल तर पेट्रोलसाठी 3 टक्के, अल्कोहोलसाठी 6 टक्के. ‘3×3’ असेल तर दोन्हींना 3 टक्के. साठ्याचा हिशोब इथेच बदलतो. 12 मीटर व्यासाच्या इथेनॉल टाकीचं क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस मीटर. उत्पादकाने चाचणीवरून दर चौरस मीटरला मिनिटाला 6.5 लिटर द्रावणाचा दर दिलाय असं धरू. म्हणजे मिनिटाला साधारण 735 लिटर. मारा 55 मिनिटं चालवायचा तर 3 टक्क्यांनी सुमारे 1,210 लिटर कॉन्सन्ट्रेट लागतं, 6 टक्क्यांनी 2,430. प्रत्यक्ष दर मात्र त्या द्रवासाठीच्या प्रमाणपत्रातूनच घ्यावा; पेट्रोलचा दर इथेनॉलला लावू नये.

इतकं करूनही मारा चुकला तर फोम वाया जातो. मॉनिटरची, म्हणजे लांबून मारा करणाऱ्या तोफेची, धार थेट द्रवात घुसवली की फोम बुडून इथेनॉलमध्ये मिसळतो आणि पडदा फाटतो. फोम टाकीच्या आतल्या भिंतीवरून हळू उतरला पाहिजे; फोम चेंबर त्यासाठीच असतात. पेट्रोलच्या काही टाक्यांत तळातून फोम सोडतात, ती पद्धत इथे अजिबात चालत नाही.

दुसरी अडचण घट्टपणाची. पॉलिमरमुळे हे कॉन्सन्ट्रेट मधासारखं जाड असतं. प्रपोर्शनर म्हणजे कॉन्सन्ट्रेट ठरल्या प्रमाणात पाण्यात मिसळणारं यंत्र; पातळ फोमसाठी बसवलेला प्रपोर्शनर ते पुरेसं ओढत नाही आणि 3 टक्क्यांऐवजी कमीच मिसळतो. नोझलमधून फेस येतच असल्यामुळे डोळ्यांना हे कळत नाही. वार्षिक चाचणीत द्रावणाचा नमुना घेऊन, त्याच कॉन्सन्ट्रेटच्या ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांशी रिफ्रॅक्टोमीटरवर ताडून पाहावा. आणि कॉन्सन्ट्रेटच्या टाकीत जुना साठा असताना दुसऱ्या कंपनीचा फोम वरून ओतू नये. काही वेळा त्याच्या गुठळ्या होतात आणि गाळणी तुंबते.