जुगाऱ्याचा तर्कदोष: सलग तोट्यानंतरची अपेक्षा

ज्या घटना एकमेकींवर अवलंबून नसतात, त्यांत एकाच प्रकारचा निकाल लागोपाठ आला की आता उलट निकाल येण्याची शक्यता वाढली आहे, असे मानण्याच्या चुकीला जुगाऱ्याचा तर्कदोष म्हणतात. शेअर बाजारात रोजचे सौदे करणाऱ्यांमध्ये तो बहुधा सलग तोट्यानंतर दिसतो. चार-पाच सौदे तोट्यात गेले की ‘आता एक तरी सरळ पडेलच’ असे वाटू लागते आणि त्या भरवशावर पुढचा सौदा आधीपेक्षा मोठा केला जातो.

या दोषाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत घडले. रूलेच्या एका टेबलावर चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला. काळ्याची मालिका लांबत गेली तसतसे लोक लालवर अधिकाधिक रकमा लावत गेले आणि त्या गमावत गेले. चाकावरच्या ३७ घरांपैकी १८ काळी असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत काळे येण्याची शक्यता सुमारे ४८.६ टक्के असते. पहिल्या फेरीला ती तेवढी होती आणि सव्विसाव्या फेरीलाही तेवढीच होती. सलग २६ वेळा काळे येणे अत्यंत दुर्मीळ आहे हे खरे, पण पंचवीस वेळा ते आलेलेच असेल तर ती दुर्मीळता मागे पडलेली असते. उरलेला प्रश्न फक्त एका फेरीचा असतो.

चुकीचे मूळ सरासरीच्या नियमाच्या अर्ध्या समजुतीत आहे. नाणे पुष्कळ वेळा उडवले की छाप्याचे प्रमाण ५० टक्क्यांकडे जाते, हे बरोबर आहे. त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की कमी पडलेले छापे पुढे भरून यावेत. समजा, पहिल्या १०० फेकींत ४० छापे पडले, म्हणजे अपेक्षेपेक्षा १० कमी. पुढच्या ९०० फेकींत नाण्याने कोणतीही भरपाई न करता नेहमीसारखे ४५० छापे दिले, तर हजारात ४९० छापे होतात आणि प्रमाण ४९ टक्क्यांवर येते. दहा छाप्यांची तूट जशीच्या तशी राहिली, तरीही प्रमाण पन्नासच्या जवळ सरकले. म्हणजे जुनी तूट फेडली जात नाही, ती मोठ्या संख्येत केवळ विरून जाते. तोट्यात असलेल्याला मात्र टक्केवारीशी नव्हे, तर न फिटलेल्या त्या रकमेशी देणेघेणे असते, आणि तिची फेड होईल असे या नियमात कुठेही म्हटलेले नाही.

दुसरी बाजू अशी की तोट्याची लांब मालिका वाटते तितकी विलक्षण नसते. नफा-तोट्याची शक्यता समसमान असलेले १०० सौदे केले, तर त्यांत कुठे ना कुठे सलग पाच तोटे येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. अनेक चांगल्या पद्धतींत दहापैकी चारच सौदे नफ्यात जातात आणि त्या चारांचा नफा सहांच्या तोट्याहून मोठा असतो. अशा पद्धतीत तर मालिका आणखी लांबतात. पाच तोटे पाहून ‘असे किती वेळ चालणार’ असे वाटणारा माणूस नेहमीच्याच गोष्टीला अपवाद समजत असतो.

त्याची किंमत किती पडते हे एका हिशोबातून दिसते. एकाजवळ एक लाख रुपये आहेत, प्रत्येक सौद्यात लावलेली रक्कम दुप्पट तरी होते किंवा पूर्ण जाते, आणि दोन्हींची शक्यता सारखी आहे, असे धरू. तो २,००० रुपयांपासून सुरुवात करतो आणि तोटा झाला की रक्कम दुप्पट करतो: ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००. यांपैकी कुठेही जिंकला तर आधीचे सारे भरून निघते आणि २,००० रुपये नफा होतो. पाचही वेळा हरला तर ६२,००० रुपये गेलेले असतात आणि सहाव्या सौद्याला लागणारे ६४,००० रुपये त्याच्याकडे नसतात, उरलेले असतात ३८,०००. पाच वेळा सलग हरण्याची शक्यता ३२ पैकी १. म्हणजे ३१ वेळा दोन हजारांप्रमाणे मिळणारे ६२,००० आणि एकदा जाणारे ६२,००० यांची वजाबाकी शून्य येते. दुप्पट करण्याने अपेक्षित नफा एका रुपयानेही वाढला नाही. पुष्कळ छोटे नफे आणि एक मोठा तोटा अशी त्याची केवळ मांडणी बदलली. शिवाय ब्रोकरेज आणि कर मोठ्या रकमेवर मोठे बसतात, म्हणून प्रत्यक्षात ही वजाबाकी शून्याच्या खाली जाते. सतत छोटे नफे दिसत राहिल्यामुळे ही पद्धत महिनोन्‌महिने यशस्वी वाटते, आणि तोच तिचा सर्वांत फसवा भाग आहे.

बाजारातल्या भावाला मागचे निकाल का बांधत नाहीत, याचे कारण मात्र नाण्याहून वेगळे आहे. या क्षणीचा भाव म्हणजे खरेदीदार आणि विक्रेते यांच्यात जिथे सौदा जुळला तो आकडा. कालची पडझड, आजची बातमी, उद्याची अपेक्षा हे सर्व दोन्ही बाजूंना ठाऊक असते आणि त्या आकड्यात आधीच आलेले असते. ‘पाच दिवस पडला, आता चढणारच’ हे खरोखर खात्रीचे असते, तर ते जाणणाऱ्यांनी आजच खरेदी करून भाव वर नेला असता. फ्रेंच गणिती लुई बाशेलिए यांनी १९०० साली आपल्या प्रबंधात सट्टेबाजाची गणिती अपेक्षा शून्य धरली, ती याच विचाराने. एखाद्याच्या खात्यात लागोपाठ किती तोटे झाले, ही माहिती तर बाजारापर्यंत पोचतही नाही.

या विधानाला मर्यादा आहेत. भावातले बदल नाण्याच्या फेकींइतके स्वतंत्र नसतात. मोठ्या हालचालींच्या मागे मोठ्या हालचाली येतात, हे बाजारात स्पष्ट दिसते. पण त्यातून हालचालीचा आकार कळतो, दिशा कळत नाही. पत्त्यांच्या जोडातून पाने काढून बाजूला ठेवली, तर आधीची पाने पुढची शक्यता खरोखर बदलतात, तिथे हा दोष लागू होत नाही. आणि लांबलेली तोट्याची मालिका काही सांगत असलीच, तर ती बहुधा उलट सांगते: पद्धत ज्या परिस्थितीत चालत होती ती बदलली असावी. अशा वेळी रक्कम वाढवणे हे पुराव्याच्या विरुद्ध दिशेने जाणे ठरते.

मुंबईत मटक्याचे आकडे एके काळी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागत. पुढे ते पत्ते काढून ठरू लागले, तरी जुन्या निकालांचे चार्ट अभ्यासून ‘बरेच दिवस न आलेला’ आकडा शोधणे चालूच राहिले. आजच्या ऑप्शन्सच्या बाजारातही ही वृत्ती अपरिचित नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात इक्विटी फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या सुमारे ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जणांनी सौदे चालूच ठेवले. यामागे हा एकच दोष आहे असे म्हणता येणार नाही. कर्ज आणि सवय यांचाही त्यात वाटा असू शकतो.

स्वतःच्या व्यवहारात हा दोष आहे का, हे सौद्यांच्या नोंदीतून तपासता येते. लागोपाठ तीन तोट्यांनंतर केलेले सौदे वेगळे काढून दोन गोष्टी पाहाव्यात. त्यांतल्या नफ्याच्या सौद्यांचे प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त आहे का, आणि त्यांत घेतलेले लॉट जास्त आहेत का. पहिले प्रमाण तेवढेच आणि दुसरे वाढलेले दिसले, तर दोष तिथे आहे; मात्र असे सौदे दहा-पंधराच असतील तर पहिल्या प्रमाणावरून काहीही ठरवू नये, लॉटच्या आकड्यावरून ठरवावे.