‘सर्व गोष्टी’ कर्ता की कर्म?

देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातलं वचन (८:२८) बऱ्याच जणांच्या भिंतीवर असतं. परवा एक फॉरवर्ड आला: ‘मूळ ग्रीकमध्ये असं नाहीच, तिथे देव कर्ता आहे.’ हा दावा इतक्या ठामपणे करता येत नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे.

वादातले शब्द दोनच आहेत: ‘पांता सिनेर्गेइ’. पांता म्हणजे सर्व गोष्टी. सिनेर्गेइ म्हणजे सोबतीनं काम करणं, साहाय्य करणं.

शाळेतलं संस्कृत आठवा. वनम्, वने, वनानि. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच, म्हणून नुसत्या ‘वनानि’वरून ते कर्ता की कर्म हे कळत नाही. ग्रीक संस्कृतची बहीण, तिथेही हेच घडतं. पण संस्कृतात क्रियापद मदतीला येतं: ‘फलानि पतन्ति’, फळं अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी. ग्रीकमध्ये नपुंसक अनेकवचनी कर्त्याचं क्रियापद बहुधा एकवचनी असतं, जणू ‘फळं पडतं’. सिनेर्गेइ एकवचनीच आहे. त्यामुळे ‘सर्व गोष्टी काम करतात’ हा अर्थ बसतो, आणि ‘तो सर्व गोष्टींत काम करतो’ हाही. ‘तो’ वेगळा लिहावा लागत नाही. मराठीत नुसतं ‘करतो’ म्हटलं तरी चालतं, तसंच.

मग ‘तो’ कोण? इथे हस्तलिखितं बघावी लागतात. इसवी सन २०० च्या सुमाराचा पपायरस ४६ आणि चौथ्या शतकातलं व्हॅटिकन हस्तलिखित यांत पुढे ‘हो थेओस’, म्हणजे ‘देव’, हा कर्ता स्पष्ट आहे. चौथ्या शतकातल्याच सिनाई हस्तलिखितात तो नाही. संदिग्ध वाक्य सोपं करायला लेखनिक शब्द घालतो, असलेला स्पष्ट शब्द सहसा काढत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक ‘देव’ नंतर घातला गेला असं मानतात. मलाही ते पटतं. अर्थात, जेमतेम चार शब्द आधी ‘देवावर प्रीती’ आलंच आहे, म्हणून पुनरुक्ती वाटून कुणी तो गाळलाही असेल.

क्रियापदाचा कलही बघा. नव्या करारात ते पाच वेळा येतं, आणि उरलेल्या चारही ठिकाणी अकर्मक आहे. ‘सर्व गोष्टींना कामाला लावतो’ असा सकर्मक अर्थ त्यामुळे अवघड होतो. देव कर्ता धरलाच, तर ‘सर्व गोष्टींत’ असं घ्यावं लागतं. याच क्रियापदाच्या कुळातून इंग्रजीत सिनर्जी आला, म्हणून पौलाला ‘ऊर्जेचा गुणाकार’ सांगायचा होता असंही कुणी सांगतात. शब्दाच्या नातवावरून आजोबांचा अर्थ लावू नये.

देवाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला पुढच्या ओवीत दिसतो. तिथे ‘ज्यांना आधीच ओळखलं, त्यांना आधीच नेमलं’ अशी क्रियापदं येतात, कर्ता निःसंशय देव आहे, आणि त्याचं नाव तिथेही घेतलेलं नाही.