“हे धुवू का?” : टॅगचा फोटो पाठवण्याआधी आणि आमचे उत्तर आल्यावर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
(लाँड्री व ड्रायक्लीन, फोंडा)

चवथ जवळ आली की आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज पाच-सहा फोटो येतात. टॅगचा एक फोटो आणि खाली एवढेच: “हे धुवू का?” कपडा कुठला, घरी कसा धुणार, कधी घालायचा आहे, काहीच नसते. आम्हाला त्याचा राग नाही. उलट विचारून धुतलेला कपडा बिघडून आमच्याकडे येत नाही. पण या प्रश्नाला नुसते “हो” म्हणणे किती महाग पडते ते आम्ही एकदा अनुभवले आहे, म्हणून हे पत्रक.

गेल्या जूनमध्ये एका ग्राहकाने असाच फोटो पाठवला. टॅगवर टबाचे चिन्ह होते आणि त्यात ३० हा आकडा. आम्ही लिहिले, “हो, मशीनमध्ये चालेल.” दोन दिवसांनी कुर्ता घेऊन ते दुकानात आले. बाही दोन इंच वर गेली होती. टॅग नीट उलगडून पाहिला तर टबाखाली आडव्या दोन रेघा होत्या, शिवणीत दुमडल्या गेल्यामुळे फोटोत आल्या नव्हत्या. टॅगने सांगायचे ते सांगितले होते, आम्ही अर्धेच वाचले. नुकसानभरपाई आम्ही दिली. आता अर्धवट फोटोवर आम्ही उत्तर देत नाही, दुसरा फोटो मागतो. कोणी म्हणतात “एवढी चौकशी कशाला”, त्यांना ही बाही आठवून सांगतो.

टबाकडे आधी बघा

टॅगवर बहुतेक वेळा पाच चिन्हे एका ओळीत असतात: टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ. पॅरिसमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या जिनेटेक्स या संस्थेने ती युरोपात रुजवली आणि आज जगभरचे कपडे जवळपास हीच चिन्हे लावतात. “धुवू का” याचे उत्तर मात्र फक्त टबात असते. बाकीची चार चिन्हे धुतल्यानंतरची किंवा धुण्याऐवजीची गोष्ट सांगतात.

टबावर फुली असेल तर पाण्यात घालायचे नाही. हाताने हळूच, नुसत्या पाण्यात, असेही नाही. टबात हात दाखवला असेल तर हाताने धुवा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. आकडा असेल तर तो पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा आहे. ३० लिहिले म्हणून पाणी तापवायची गरज नाही, गार पाणी केव्हाही चालते. टबाखालची एक रेघ म्हणजे मशीनने कमी हिसके द्यावेत, दोन रेघा म्हणजे फारच कमी. कुर्त्याची बाही वर गेली ती या रेघांमुळे. आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, रेघेकडे कुणाचेच नाही, आणि छापायला ती इतकी बारीक असते की शिवणीचा धागाच वाटते.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फुली नसलेल्या टबात आकडा, ठिपके किंवा हात यांपैकी काहीतरी असतेच. अगदी रिकामा टब दिसला तर आम्ही थांबतो. बहुधा फुलीची बारीक रेघ धुऊन धुऊन पुसली गेलेली असते किंवा फोटोत चमक आलेली असते. अमेरिकेहून आलेल्या काही कपड्यांवर मात्र खरोखरच रिकामा टब छापलेला असतो आणि तिथे त्याचा अर्थ साधे धुणे चालेल असा आहे. गल्फ-अमेरिकेतून पाहुणे येतात तेव्हा असे कपडे घरोघरी असतात, म्हणून कपडा कुठून आला हेही आम्ही विचारतो.

टबावर फुली असेल तर शेवटचे वर्तुळ बघा. त्यात इंग्रजी पी किंवा एफ असेल तर कपडा ड्रायक्लीनला द्यायचा. ते अक्षर आमच्यासाठी असते, कुठले द्रावण वापरायचे ते सांगते. डब्ल्यू असेल तर दुकानात खास पद्धतीने पाण्याने धुता येतो, घरी नव्हे. टबावरही फुली आणि वर्तुळावरही फुली असेल तर ओल्या फडक्याने डाग टिपण्यापलीकडे कुणी काही करू शकत नाही. कुणी दुकानदार “देऊन टाका, करून देतो” म्हणाला तर आधी लेखी घ्या.

चौकोनात वर्तुळ असते ते मशीनमध्ये गरम हवेने वाळवण्याचे चिन्ह आहे. त्याला अनेक जण ड्रायक्लीन समजतात, त्यात ‘ड्राय’ आहे म्हणून असेल.

एका फोटोचे उत्तर कसे झाले

मडकईहून एका वहिनींचा फोटो आला. मोरपंखी रंगाची कुर्ती, परवा घालायची. फोटोत टब, आकडा ३० आणि अर्धा अंगठा. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: अंगठा काढून पुन्हा फोटो, टॅगच्या मागची बाजू, आणि घरी कशी धुणार ते.

दुसऱ्या फोटोत चित्र पुरे दिसले. टबात ३० आणि खाली दोन रेघा. त्रिकोणावर फुली. चौकोनातल्या वर्तुळावर फुली. त्याच्या शेजारी आणखी एक चौकोन, आत आडवी रेघ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी रेघ. इस्त्रीत एक ठिपका. वर्तुळात पी. मागच्या बाजूला लिहिले होते: बाहेरचे कापड १०० टक्के व्हिस्कोज, अस्तर १०० टक्के पॉलिएस्टर. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आले: “मशीनची भीती वाटते, रात्री बादलीत साबणाच्या पाण्यात भिजत घालून सकाळी दगडावर ब्रश मारीन.”

या कुर्तीला खरा धोका होता तो इथे. घरात आपण मशीन म्हणजे कठोर आणि हात म्हणजे नाजूक असे धरून चालतो. दगड, ब्रश आणि पिळणे यांच्यापुढे मशीनचे नाजूक चक्र फारच सौम्य. व्हिस्कोज दिसायला सुती वाटते, पण ओले झाले की त्याची ताकद जवळपास निम्मी होते आणि धागा फुगतो. त्या अवस्थेत ते पिळले तर विरते, हिसके बसले तर आटते, तारेवर लोंबकळत ठेवले तर पाण्याच्या वजनाने लांब होते. टॅगवर दोन रेघा का आणि आडवी रेघ का, ते या एकाच कारणाने कळते. चौकोनातली आडवी रेघ म्हणजे पसरून वाळवा, कोपऱ्यातली तिरकी रेघ म्हणजे सावलीत. पीळ न घालण्याचे चिन्ह या ओळीत नसतेच, ते कापडाच्या नावावरून ओळखावे लागते. म्हणून मागची बाजू मागतो.

आम्ही पाठवलेले उत्तर असे होते:

“हो, धुता येईल. भिजत ठेवू नका, ब्रश नको, पीळ नको. मशीन असेल तर ‘डेलिकेट’ लावा, ड्रम भरू नका, शेवटचे फिरवणे सर्वांत कमी. हाताने धुणार असाल तर पातळ साबणाच्या गार पाण्यात पाच मिनिटे दाबून सोडा, दोन पाण्यांतून काढा. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलावर पंख्याखाली पसरा. उलटी करून इस्त्रीच्या एका ठिपक्यावर, वाफ बंद. पहिल्या धुण्याला वेगळी धुवा.”

एक ठिपका म्हणजे इस्त्री साधारण ११० अंशांपर्यंत, बहुतेक घरगुती इस्त्र्यांच्या चाकावर हेच ठिपके असतात. पॉलिएस्टरचे अस्तर आहे म्हटल्यावर एवढीच मुभा मिळणे साहजिक होते. टॅग नेहमी कपड्यातल्या सर्वांत दुबळ्या भागाला धरून लिहिलेला असतो. “वेगळी धुवा” ही सूचना चिन्हात नव्हती. गडद रंग सुटेल का, हे पाच चिन्हांपैकी एकही सांगत नाही.

आपल्या हवेची दोन कारणे

मे महिन्यात गच्चीवरची काळी टाकी दुपारपर्यंत इतकी तापते की नळाचे पाणी हाताला चटका देते. त्या पाण्यात ३० आकड्याचा कपडा “गार पाण्यात धुतला” असे वाटते, प्रत्यक्षात तो मर्यादा ओलांडून गेलेला असतो. नाजूक कपडे सकाळी धुवा किंवा विहिरीचे पाणी घ्या.

पावसात उलटे. कपडा वाळत नाही, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि लोक ब्लीच शोधू लागतात. तेव्हा त्रिकोण बघा. रिकामा त्रिकोण असेल तर कुठलेही ब्लीच चालते. आत दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनचे, म्हणजे क्लोरीन नसलेले. फुली असेल तर काहीही नको. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनच्या ब्लीचने गंजासारखे पिवळे डाग उमटतात. ते काढणे बुरशीपेक्षा अवघड, आमच्याकडे आले तर आम्ही खात्री देत नाही.

फोटो कसा काढावा

टॅग कपड्याच्या आत असताना काढू नका. बाहेर ओढून टेबलावर सपाट ठेवा, शिवणीजवळची घडी बोटाने दाबून उघडा, पण चिन्हांवर बोट नको. खिडकीतून बाजूने येणारा उजेड चांगला. फ्लॅशने साटीनचा टॅग चमकतो आणि नेमक्या फुल्या दिसेनाशा होतात. एकावर एक दोन-तीन टॅग शिवलेले असतात, त्यांतला पहिला बहुधा साइझचा असतो, त्याचाच फोटो आम्हाला फार वेळा येतो. सगळे पाठवा, दोन्ही बाजूंनी. त्यासोबत पूर्ण कपड्याचा एक फोटो, आणि कसे धुणार हे एका ओळीत.

टोचतो म्हणून टॅग कापून टाकला असेल तर फोटोवरून आम्ही उत्तर देत नाही. आतल्या शिवणीच्या दुमडलेल्या भागावर ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून बघा. रंग लागला तर घरी धुवू नका. रुमाल पांढराच राहिला तरी आटण्याचे काही कळत नाही. तो कपडा दुकानात घेऊन या, हाताला लावून आणि आतला धागा बघून सांगू. त्याचे पैसे घेत नाही.