बँकेत पैसे जमा केले, मग ते नावे कसे?

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांमध्ये बँक जुळवणी पत्रकाचा प्रश्न तपासताना एक वाक्य मला नेहमी भेटतं: ‘रोख पुस्तक आणि पासबुक यांतील शिल्लक वेगळी आहे, म्हणजे कोणीतरी चूक केली आहे.’ खरं तर दोन्ही वह्या काटेकोरपणे लिहिल्या असतील, तरीही ठरावीक दिवशी त्यांची शिल्लक बहुधा जुळत नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, म्हणून आपण दोन वेगळ्या घटना मानत नाही. इथेही घटना एकच असते, दोन ठिकाणी तिची नोंद वेगवेगळ्या वेळी होते.

मुलांचा पहिला गोंधळ मात्र वेळेचा नसतो, शब्दांचा असतो. बोलताना आपण पैसे बँकेत ‘जमा’ करतो आणि रोख पुस्तकात तीच रक्कम बँक रकान्याच्या ‘नावे’ बाजूला लिहितो. असं कसं? कारण रोख पुस्तक आपल्या बाजूने लिहिलेलं असतं. बँकेकडे असलेले पैसे ही आपली मालमत्ता, आणि मालमत्ता वाढली की ती नावे पडते. पासबुक म्हणजे बँकेच्या खातेवहीतल्या आपल्या खात्याची नक्कल. बँकेच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे तिचं आपल्याला असलेलं देणं, म्हणून तिथे ती जमा. आपली नावे शिल्लक आणि बँकेची जमा शिल्लक म्हणजे एकच वस्तू, टेबलाच्या दोन बाजूंनी पाहिलेली.

एवढं पटलं की ‘मिळवा’ आणि ‘वजा करा’ यांचा तक्ता पाठ करावा लागत नाही. तो तक्ता मंत्रासारखा म्हणणारे विद्यार्थी प्रश्न पासबुकापासून सुरू झाला की हमखास उलट लिहितात. त्याऐवजी प्रत्येक फरकापाशी थांबून एवढंच विचारायचं: ही गोष्ट कोणाला कळली आहे आणि कोणाला अजून कळायची आहे?

समजा, ३१ मार्चला रोख पुस्तकाप्रमाणे बँक शिल्लक ४८,२५० आहे आणि पासबुकात ४६,७८० दिसते. दोन्हींत सापडणाऱ्या नोंदींवर पेन्सिलीने खुणा करत जायचं. त्याआधी फेब्रुवारीचं पत्रक समोर ठेवायचं, नाहीतर तेव्हाचा लटकलेला एखादा चेक मार्चच्या पासबुकात अचानक उगवतो आणि तुम्ही त्याची नोंद मार्चच्या पानांवर शोधत बसता. (परीक्षेत कधी रोख पुस्तक मार्चचं आणि पासबुक एप्रिलचं देतात. तिथे डाव उलटतो. दोन्हींत सापडणाऱ्या नोंदी हेच फरकाचं कारण, कारण मार्चमध्ये लिहिलेली गोष्ट बँकेपर्यंत एप्रिलमध्ये पोचली.)

आपल्या उदाहरणात खुणा करून झाल्यावर पाच नोंदी उरल्या. २८ मार्चला पुरवठादाराला दिलेला ९,२०० चा चेक त्याने अजून वटवलेला नाही. आपण ही रक्कम चेक लिहितानाच वजा केली, बँकेला मात्र त्याचा पत्ता नाही. म्हणून पासबुकात तेवढे पैसे जास्त दिसतात आणि रोख पुस्तकापासून निघालो तर ते मिळवायचे. ३० मार्चला बँकेत भरलेला १२,५०० चा चेक अजून वसूल व्हायचा आहे. तो आपण आधीच धरला आहे, बँकेने नाही, म्हणून वजा.

उरलेल्या तीन नोंदी फक्त पासबुकात आहेत. बँकेने ३५० शुल्क कापलं, एका ग्राहकाने परस्पर ६,००० खात्यात भरले आणि दुसऱ्याचा ४,००० चा चेक न वटता परत आला. इथे बँकेला कळलं आहे, आपल्याला नाही. हिशेब करू: ४८,२५० मध्ये ९,२०० मिळवले, १२,५०० आणि ३५० वजा केले, ६,००० मिळवले, ४,००० वजा केले. उत्तर येतं ४६,६००. पासबुक म्हणतं ४६,७८०. १८० कुठे गेले?

हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. विद्यार्थी इथे ‘इतर फरक १८०’ असं लिहून मोकळे होतात आणि मला लाल पेन उचलावं लागतं. आधी फरकाचं निम्मं करून पाहावं. ९० ची एखादी नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल, तर शिल्लक बरोबर १८० ने ढळते. तशी नोंद नाही. मग ९ ने भागून पाहावं. १८० ला निःशेष भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. कारण सोपं आहे. शतक आणि दशक स्थानचे अंक क आणि ख असतील, तर त्यांची किंमत १००क + १०ख. उलटले की १००ख + १०क. दोन्हींतला फरक ९०(क − ख), म्हणजे कायम ९ च्या पटीत. आपल्याकडे १८० आहे, म्हणून क − ख = २. शेजारच्या अंकांत दोनचा फरक असलेली रक्कम शोधायची. सापडली: वटलेला एक चेक पासबुकात १,६८० चा आहे, रोख पुस्तकात १,८६० लिहिला गेला. आपण १८० जास्त वजा केले होते, ते परत मिळवले की ४६,७८०. ९ ने भाग जाणं हा पुरावा नव्हे, ती दिशा आहे. ९ च्या पटीतला फरक इतर कारणांनीही पडतो.

आता पाचही फरक आणि ही चूक एकाच पत्रकात मांडता येतात, पण व्यवहारात मी आधी रोख पुस्तक दुरुस्त करायला सांगेन. शुल्क, ग्राहकाची रक्कम, परत आलेला चेक आणि अंकांची चूक यांच्या नोंदी आपल्यालाच कराव्या लागतात. कितीही दिवस थांबलं तरी त्या आपोआप मिटत नाहीत. चेक परत आला, तर तो देणारा पुन्हा आपला ऋणको होतो, हे विसरलं की वसुलीच राहून जाते. दुरुस्तीनंतर रोख पुस्तकाची शिल्लक ५०,०८० होते आणि पत्रकात निव्वळ वेळेचे फरक उरतात:

दुरुस्त रोख पुस्तकाप्रमाणे शिल्लक: ५०,०८०
मिळवा, दिलेला पण न वटलेला चेक: ९,२००
वजा, भरलेला पण वसूल न झालेला चेक: १२,५००
पासबुकाप्रमाणे शिल्लक: ४६,७८०

ओव्हरड्राफ्टचं गणित वेगळं शिकवतात, ते मला कधी पटलं नाही. शिल्लक शून्याखाली गेली एवढंच समजून ती उणे लिहावी. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी तीच राहते.

सॉफ्टवेअर हे काम एका क्षणात करतं, अशी जाहिरात असते. ते रकमा आणि तारखा जुळवतं, हे खरं. पण दोघा ग्राहकांनी सारखीच रक्कम भरली, तर कोणती कोणाची हे त्याला रकमेवरून सांगता येत नाही. आणि जुळलेलं पत्रकही सगळं सांगत नाही: ग्राहकाची रक्कम भलत्याच ग्राहकाच्या खात्यात टाकली, तरी बँकेची शिल्लक हलत नाही.

वेळेच्या फरकांची परीक्षा पुढच्या महिन्यात होते. ९,२०० एप्रिलमध्ये पासबुकात दिसले नाहीत, तर पुरवठादाराने चेक हरवला असेल; मुदत संपल्यावर ती नोंद उलटवावी लागते. १२,५०० मात्र आठवडाभरात दिसले नाहीत, तर भरणा पावती हातात घेऊन तो चेक खरोखर बँकेत पोचला का, हे त्याच दिवशी विचारायला जायचं.