रक्त लाल, मग शीर निळी कशी?

(नाशिकमधल्या एका वाचनालयात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने पाचवी ते आठवीच्या मुलांसमोर केलेलं छोटं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

मुलांनो, सगळ्यांनी बाही वर करा आणि मनगटाची आतली बाजू बघा. दिसल्या शिरा? थंडीत त्या आकसतात, म्हणून ज्यांना दिसत नसतील त्यांनी हात मिनिटभर खाली लोंबकळत सोडा. आता सांगा, रंग कोणता? निळा म्हणणारे बरेच आहेत, मागून कोणीतरी हिरवा म्हणालं. दोघंही बरोबर आहात, कसं ते पुढे सांगतो.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका सातवीतल्या मुलाने मला ठणकावून सांगितलं, "काका, रक्त आतमध्ये निळंच असतं. बाहेर आल्यावर हवा लागते आणि ते लाल होतं." पुरावा म्हणून त्याने पुस्तकातलं चित्र दाखवलं. हृदयाचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा. त्याची चूक नाही. दोन प्रकारच्या रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून चित्रकाराने दोन रंग वापरलेले असतात. नकाशात महाराष्ट्र पिवळा रंगवला म्हणून नाशिकची माती पिवळी होत नाही.

"हवा लागते" हे तपासणं सोपं आहे. तुमच्यापैकी कोणाचं रक्त तपासायला घेतलं होतं? लॅबमधले दादा दंडाला रबरी पट्टा बांधतात, कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपतात आणि सुई टोचतात. सुईला जोडलेली जांभळ्या झाकणाची नळी आठवते? त्या नळीतली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते, म्हणून तर रक्त आपोआप आत ओढलं जातं. म्हणजे रक्त शिरेतून थेट नळीत गेलं, बाहेरची हवा मध्ये आलीच नाही. तरीही नळीत काय दिसतं? लालच. जरा गडद, पिकलेल्या करवंदाच्या रसासारखं, पण लाल.

हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या एकेका तांबड्या पेशीत त्याचे साधारण 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. फुफ्फुसात या लोहाला ऑक्सिजन चिकटला की रक्त भडक लाल होतं आणि शरीरात फिरताना ऑक्सिजन सुटला की गडद लाल. फरक एवढाच. शिवाय शिरेतून परत येणाऱ्या रक्ताने सगळा ऑक्सिजन देऊन टाकलेला असतो असंही नाही. तुम्ही शांत बसलेले असताना त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजन घेऊनच असतं.

इथे मला थोडं चिडू द्या. आपल्याकडे या गडद रक्ताला सर्रास "अशुद्ध रक्त" म्हणतात. या एका शब्दावर काही लोकांचं दुकान चालतं. जत्रेत तुंबडी लावतात, काळपट रक्त काढून दाखवतात आणि म्हणतात, बघा किती घाण साचली होती! अरे बाबा, कोणाच्याही शिरेला टोचलंस तर हेच निघणार. पैलवानाच्याही आणि तुझ्या स्वतःच्याही.

असो. आता खरी गंमत. रक्त लाल आहे, मग शीर लाल का दिसत नाही?

तुम्ही पावसाळ्यात रामकुंडावर गेलात, तर गढूळ गोदावरीत घाटाची पहिली बुडालेली पायरी अंधूक दिसते, तिसरी अजिबात दिसत नाही. आपली कातडी खिडकीच्या काचेसारखी नाही, ती या गढूळ पाण्यासारखी आहे. तिच्यात कोलॅजन नावाचे बारीक धागे खच्चून भरलेले असतात. प्रकाश आत शिरला की त्यांच्यावर आपटत, दिशा बदलत जातो आणि बराचसा फिरून बाहेर येतो. याला प्रकाशाचं विखुरणं म्हणतात. ज्या शोधासाठी आपण 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तो रामन यांचा 1928 सालचा शोधही विखुरणाऱ्या प्रकाशाचाच होता, जरी तो प्रकार वेगळा.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यातला निळा या धाग्यांमध्ये जास्त विखुरतो, आणि कातडीतलं रक्त व रंगद्रव्य त्याला शोषूनही घेतं. त्यामुळे तो मिलिमीटरभर आत जाता जाता संपतो किंवा वरच्या वरच माघारी फिरतो. लाल मात्र चिवट. तो कित्येक मिलिमीटर आत भटकून येतो. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवलंत तर बोट लालभडक दिसतं, कारण पलीकडे पोचतो तो मुख्यतः लालच.

आता मनगटाची शीर अर्धा-एक मिलिमीटर खोल आहे असं धरू. निळा प्रकाश तिथे फारसा पोचतच नाही. शीर आहे की नाही, त्याला पत्ताच नसतो. लाल पोचतो आणि शिरेतलं रक्त त्यातला काही खातं. हो, लाल रक्तही लाल प्रकाश थोडा खातं, आणि गडद रक्त जास्त खातं. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा, बोटाला चिमट्यासारखा लावायचा. त्याच्या लाल दिव्याच्या रंगात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश शोषतं. ते यंत्र याच फरकावरून आकडा काढतं.

हिशेब करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरतोय. साध्या कातडीवर 100 लाल आणि 100 निळे किरण पडले. समजा 50 लाल परत आले आणि 20 निळे. शेजारी शिरेवरही तेवढेच पडले. तिथून 38 लाल परत आले आणि 18 निळे. आता मला सांगा, शिरेवरून जास्त कोण आलं?

"लाल!"

बरोबर. 38 विरुद्ध 18. म्हणजे मोजलं तर शीर निळी नाहीच! पण आपला मेंदू असं मोजत नाही, तो शेजाऱ्याशी तुलना करतो. शेजारच्या कातडीपेक्षा शिरेवर लाल जवळजवळ पाव हिश्शाने घटला, निळा फक्त दहाव्या हिश्शाने. लाल जिथे जास्त कमी झाला, ती जागा मेंदूला निळी वाटते. 1996 साली कीन्ले नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश विखुरणाऱ्या माध्यमात नकली रक्तवाहिन्या ठेवून आणि खऱ्या हातांचे फोटो वेगवेगळ्या रंगांत काढून हेच तपासलं. शीर किती खोल, किती जाड, रक्तात ऑक्सिजन किती, कातडी प्रकाशाला कशी वागवते आणि आपली नजर रंग कसा ठरवते, हे सगळं मिळून तो निळेपणा तयार होतो असं त्यांना आढळलं.

काहींचे चेहरे कोरे झालेत. हिशेब राहू दे, हातांनी करून बघा. घोटीव कागदाचा केशरी तुकडा घ्या आणि त्यावर करड्या कागदाची बारीक पट्टी चिकटवा. पट्टी निळसर वाटायला लागते. मग एका पोस्टकार्डाला पंचने भोक पाडून ते शिरेवर असं धरा, की भोकातून फक्त शीर दिसेल, आजूबाजूची कातडी नाही. निळा रंग फिका पडून मळकट, करडा-तपकिरी होतो.

दुसरा प्रयोग रात्री करा. खोलीत अंधार करा. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण लाल चित्र लावा, उजेड सगळा वाढवा आणि पडदा मनगटाजवळ धरा. शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतील, कारण लाल प्रकाश आत जाऊन तिथे खाल्ला जातोय. आता पूर्ण निळं चित्र लावा. शिरा जवळजवळ गायब! निळा तिथवर जातच नाही.

हिरवा म्हणणाऱ्यांचं राहिलं. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते निळा प्रकाश जास्त खातं. परत येणाऱ्यात निळा आणखी कमी झाला की शीर हिरवट वाटते. मुका मार लागून काळंनिळं पडतं, त्यातला सुरुवातीचा निळेपणाही असाच, कातडीखाली सांडलेल्या लाल रक्ताचा. काही दिवसांनी तो डाग हिरवा-पिवळा होतो तेव्हा मात्र रंग खराच बदललेला असतो, हिमोग्लोबिन मोडून दुसरे पदार्थ बनतात.

आणि अजून पटत नसेल तर आरशात डोळ्याचा पांढरा भाग बघा. तिथल्या बारीक वाहिन्यांवर फक्त पारदर्शक पडदा आहे, गढूळ कातडी नाही. त्या स्वच्छ लाल दिसतात.

भाषण संपल्यावर एका मुलीने हात वर केला. "सर, म्हणजे रक्त कधीच, कधीच दुसऱ्या रंगाचं होत नाही?" मला हाच प्रश्न हवा होता. खेकड्याचं होतं, त्याच्यात लोहाऐवजी तांबं असतं आणि ऑक्सिजन मिळाला की ते निळसर होतं. माणसाचं निळं होत नाही, पण एक गोष्ट बिघडू शकते. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार वाढलं आणि ते तान्ह्या बाळाच्या दुधात गेलं, किंवा काही औषधं सोसली नाहीत, तर हिमोग्लोबिनमधलं लोह अशा रूपात जातं की त्याला ऑक्सिजन धरताच येत नाही. बाळाचे ओठ निळे-राखाडी पडतात, ऑक्सिजन लावला तरी रंग सुधारत नाही. याला मेथहिमोग्लोबिनेमिया म्हणतात.

डॉक्टरांना शंका आली की ते एक साधी गोष्ट करून बघू शकतात. पांढऱ्या टिपकागदावर निरोगी माणसाच्या शिरेतल्या रक्ताचा एक थेंब ठेवायचा, शेजारी बाळाचा एक. हवा लागली की पहिला थेंब गडद लालाचा भडक लाल होतो. सोसायटीतल्या त्या मुलाच्या म्हणण्यात तेवढंच खरं होतं. दुसरा थेंब चॉकलेटसारखा तपकिरी असतो, आणि कितीही वेळ हवेत ठेवला तरी तपकिरीच राहतो.